ताबा मिळेपर्यंत फक्त व्याज, मग वाढता हप्ता: पाच वर्षांनी मुद्दल कुठे असेल?

पत्र

मी २९ वर्षांची, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मिस्टरांचे आणि माझे मिळून हातात ५८,००० येतात. इंदिरानगरला ११,००० भाड्याने राहतो. पाथर्डी फाट्याला बांधकाम चालू असलेला ३८ लाखांचा फ्लॅट बघितलाय, ताबा दोन वर्षांनी. कर्ज ३० लाख, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. साधा हप्ता २६,०३५ बसतो. कर्ज करून देणारा एजंट म्हणतो, ताबा मिळेपर्यंत फक्त व्याज भरा, नंतर स्टेप-अप घ्या: पहिली तीन वर्षं २१,५००, पुढची तीन २५,००० आणि मग शेवटपर्यंत २८,९०१. आमचे तीन लाख कमी पडतात, तर सोनं ठेवून बुलेट कर्ज घ्या, वर्षभर काही भरायचं नाही, असंही तोच सुचवतो. सासरे निफाडला द्राक्ष बागायतदार आहेत, बागेचे पैसे आले की तीन लाख देतो म्हणालेत. भाडं आणि कर्ज मिळून आम्ही महिन्याला ३५,००० पर्यंत काढू शकतो. दोन वर्षांत बाळाचाही विचार आहे. हे तिन्ही घ्यावं का?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

ताई, आधी सरळ उत्तर देते. स्टेप-अप घेऊ नका. ताबा मिळेपर्यंत फक्त व्याज भरण्याची सवलत घ्या, पण त्यात जे पैसे हातात राहतील त्यांना आजच काम नेमून द्या. सोनं ठेवायचं तर ठेवा, मात्र बुलेट पद्धतीने नको.

एजंटने तुम्हाला तीन वेगवेगळ्या सोयी सांगितल्या. तुम्ही त्या एकापुढे एक मांडून बघा. ताब्यापर्यंतची दोन वर्षं फक्त व्याज. बांधकाम जसं चढेल तसं बँक बिल्डरला पैसे सोडते, म्हणून व्याजही टप्प्याटप्प्याने वाढतं. समजा, सुरुवातीला १० लाख गेले, आठ महिन्यांनी आणखी १० आणि सोळाव्या महिन्यानंतर शेवटचे १०. साडेआठ टक्क्यांनी पहिले आठ महिने ७,०८३ रुपये, पुढचे आठ महिने १४,१६७ आणि शेवटचे आठ महिने २१,२५० असं व्याज पडेल. दोन वर्षांत मिळून ३ लाख ४० हजार. मुद्दल पूर्ण ३० लाख, एक रुपयाही कमी नाही.

त्यानंतर स्टेप-अप सुरू होईल. ३० लाखांचं पहिल्या महिन्याचं व्याजच २१,२५० आहे आणि तुमचा हप्ता २१,५००. म्हणजे मुद्दलाच्या खात्यात २५० रुपये गेले. तीन वर्षं असं भरत राहिलात की बँकेकडे ७ लाख ७४ हजार जमा होतील आणि मुद्दल उतरेल सुमारे १०,२०० रुपयांनी.

आजपासून पाच वर्षांनी तुम्ही ११ लाख १४ हजार रुपये भरलेले असतील आणि कर्ज असेल २९ लाख ९० हजार. एजंटच्या कागदावर हा आकडा कुठे आहे ते शोधा. हप्त्यांचा तक्ता असतो, पण साठाव्या महिन्याच्या शिल्लक मुद्दलावर कुणी बोट ठेवत नाही. त्या वर्षी नोकरी पुण्याला गेली किंवा फ्लॅट विकायची वेळ आली, तर विक्रीतून आधी बँकेचे जवळपास पूर्ण ३० लाख द्यावे लागतील. साधा हप्ता असता तर ताब्यानंतर तीन वर्षांनी शिल्लक २८ लाख ५ हजारांच्या आसपास असती. पावणेदोन लाखांहून जास्त फरक आहे हा.

आता पूर्ण मुदतीचा हिशेब. साध्या हप्त्याने २० वर्षांत ६२ लाख ४८ हजार भरले जातात, स्टेप-अपने ६५ लाख २९ हजार. पहिल्या सहा वर्षांत तुम्हाला एकूण साधारण दोन लाखांची उसंत मिळते आणि पुढची चौदा वर्षं दरमहा २,८६६ रुपये जास्त भरून ती फेडायची. निव्वळ जादा खर्च २ लाख ८१ हजार. यात बँकेने फसवलं असं काही नाही. मुद्दल जास्त दिवस वापरलं, त्याचं व्याज लागलं. पण हा खर्च व्याजदरात दिसत नाही, म्हणून तो सहज नजरेतून सुटतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक केलंय. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. लोक तो आकडा बघून दोन कर्जांची तुलना करतात. दोन बँकांची तुलना करायला तो चांगला आहे. मात्र साधं आणि स्टेप-अप या दोन्हींचा दर साडेआठच असल्याने तिथे दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतील. फरक दिसतो तो त्याच कागदाला जोडलेल्या परतफेडीच्या तक्त्यात, शिल्लक मुद्दलाच्या रकान्यात.

मी मात्र स्टेप-अपला नाही म्हणते ते मुख्यतः या पावणेतीन लाखांमुळे नाही. तुमच्या घराचा महिन्याचा ताण कुठे येतो ते पाहा. ताब्याआधीच्या शेवटच्या आठ महिन्यांत व्याज २१,२५० आणि भाडं ११,०००, मिळून ३२,२५०. सगळ्यात ओढाताण तिथे आहे. ताबा मिळाला की भाडं थांबतं. मग २६,०३५ चा साधा हप्ता तुमच्या ३५,००० मध्ये आरामात बसतो, सोसायटीचा मेंटेनन्स धरूनही. म्हणजे स्टेप-अप तुम्हाला उसंत देतो ती ताण ओसरल्यानंतर, आणि हप्ता वाढवतो तो चौथ्या आणि सातव्या वर्षी. तुम्ही ठरवल्याप्रमाणे बाळ झालं, तर त्याची शाळेची फी सुरू होण्याचा काळही साधारण तोच. मधे कधी तुमची बिनपगारी रजा झाली किंवा नोकरी बदलली, तरी हप्ता ठरल्या तारखेला चढणारच. तुमच्या पगाराला विचारून तो चढत नाही.

मग एजंट तो का सुचवतो? बहुधा हिशेब असा असतो की सुरुवातीचा हप्ता कमी दाखवला की त्याच पगारावर जास्त कर्ज बसवता येतं. एजंटचा मेहनताना साधारणपणे वाटप झालेल्या कर्जाच्या टक्केवारीत असतो. "अजून तीन लाख वाढवून घ्या, स्टेप-अपमध्ये बसतंय" असं वाक्य पुढच्या भेटीत आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्याला तिथेच नाही म्हणा.

स्टेप-अपमधली आणखी एक अडचण दर वाढला की समोर येते. तुमचं कर्ज फ्लोटिंग दराचं असणार. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. २०२५ मध्ये तो पुन्हा खाली आला, पण वीस वर्षांत असे चढउतार होणारच. समजा, स्टेप-अपच्या पहिल्या वर्षी तुमचा दर एकच टक्का वाढला आणि साडेनऊ झाला. ३० लाखांवर महिन्याचं व्याज होतं २३,७५०. तुमचा हप्ता २१,५००. सव्वादोन हजारांची तूट दर महिन्याला मुद्दलात मिसळायला लागते आणि हप्ते भरूनही कर्ज वाढतं. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलंय की मुदत लांबवताना कर्ज असं उलटं वाढता कामा नये. म्हणून बँक मुदत वाढवून तुम्हाला सांभाळून घेऊ शकत नाही, तिला हप्ताच चढवावा लागतो. स्वस्त हप्त्याचं आश्वासन तिथेच संपतं. साध्या कर्जात २६,०३५ चा हप्ता साडेनऊ टक्क्यांचं व्याज भागवून थोडं मुद्दलही फेडतो.

कर्जासोबत विमा घ्यायला सांगतील, तेव्हाही एक गोष्ट विचारा. गृहकर्जाला जोडलेल्या बऱ्याच विम्यांचं कव्हर दरवर्षी कमी होत जातं. ते कोणत्या तक्त्याप्रमाणे कमी होतं? साध्या कर्जाच्या तक्त्याप्रमाणे होत असेल आणि तुमचं मुद्दल मात्र जागच्या जागी असेल, तर नको ती वेळ आल्यावर विम्याचे पैसे कर्जाला पुरत नाहीत. शिवाय त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला असेल, तर त्यावरही वीस वर्षं व्याज लागतं. स्वतंत्र टर्म विमा घेतलात तर दोन्ही प्रश्न उरत नाहीत.

स्टेप-अप कुणालाच घेऊ नये असं मात्र नाही. शिक्षण संपून पगार लवकरच दुप्पट होणार आहे हे ज्यांना कागदावर दाखवता येतं, उदाहरणार्थ एमडी पूर्ण होत आलेला निवासी डॉक्टर, त्यांना तो बसतो. वेतनश्रेणी ठरलेली सरकारी नोकरी असेल तरी बसू शकतो. अट एकच: शेवटचा मोठा हप्ता ओळखीच्या, नक्की येणाऱ्या पगारातून भागला पाहिजे. खासगी कंपनीतली "दरवर्षी दहा टक्के वाढतातच" ही अपेक्षा मी त्यात धरणार नाही.

तुमच्यासाठी त्यापेक्षा चांगली सोय साध्या कर्जातच आहे. मुदत २० ऐवजी २५ वर्षांची मागा. तुमचं वय पाहता मिळायला हरकत नसावी. हप्ता येईल २४,१५७. तो बँकेशी तुमचा करार. प्रत्यक्षात तुम्ही दरमहा २६,०३५ च भरायचे, म्हणजे वरचे १,८७८ रुपये मुद्दलात. असं नियमाने भरलंत तर कर्ज वीस वर्षांतच फिटतं. पण ज्या महिन्यांत तुमचा पगार येणार नाही, त्या महिन्यांत तुम्ही बिनदिक्कत २४,१५७ वर येऊ शकता. हप्ता चुकला असं होत नाही, दंड नाही, सिबिलवर डाग नाही. पगार वाढला की २८,००० भरा. हप्ता चढवायचा की नाही हे मग तुमच्या हातात राहतं. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर बँकेला दंड लावता येत नाही, त्यामुळे याला जादा खर्च काही नाही.

यात चूक होते ती एकाच ठिकाणी. जादा रक्कम नुसती कर्जखात्यात टाकली की काही बँकांची प्रणाली ती पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ म्हणून ठेवते, मुद्दल कमी करत नाही. म्हणून शाखेत विचारून घ्या, मोबाइल ॲपमध्ये अंशतः परतफेडीचा वेगळा पर्याय असेल तर तोच वापरा, आणि "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं निवडा. दोन-तीन महिन्यांनी खाते उतारा काढून शिल्लक मुद्दल खरंच तेवढं उतरलंय का ते पडताळा. दरमहा छोटी रक्कम घेत नसतील तर तिमाहीला एकदम भरा.

आता ताब्याआधीच्या दोन वर्षांबद्दल. इथे फक्त व्याज भरणं तुम्हाला योग्य आहे, कारण भाडं आणि पूर्ण हप्ता मिळून ३७,०३५ होतात, ते तुमच्या ३५,००० मध्ये बसत नाहीत. पण या सोयीची किंमत ताब्याच्या तारखेवर ठरते. पूर्ण ३० लाख सुटल्यावर बांधकाम एक वर्ष रेंगाळलं, तर २ लाख ५५ हजार व्याज आणि १ लाख ३२ हजार भाडं जातं आणि कर्ज जिथल्या तिथे. वीस किंवा पंचवीस वर्षांची मुदतही पुष्कळदा ताब्यानंतर मोजायला लागतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

म्हणून बुकिंगच्या आधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची तारीख बघा. बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये सांगितलेली तारीख आणि तिथे नोंदवलेली तारीख पुष्कळदा वेगळ्या असतात, आणि कायद्यापुढे आधार लागतो तो करारातल्या तारखेचा. ती विक्री करारनाम्यात स्पष्ट लिहून घ्या. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ताबा लांबला आणि तुम्ही प्रकल्पात राहिलात, तर बिल्डरला विलंबाच्या प्रत्येक महिन्याचं व्याज तुम्हाला द्यावं लागतं. ते मिळवायला तक्रार करून झगडावं लागेल, पण हक्क करारातल्या तारखेवर उभा राहतो. आणि मधल्या काळात प्रत्येक स्लॅबचं डिमांड लेटर आलं की रविवारी साइटवर एक चक्कर मारा. पाचवा स्लॅब पडल्याशिवाय पाचव्या स्लॅबचे पैसे सोडायला संमती देऊ नका. बँकेचा माणूस पाहणी करतोच, पण पैसे सुटल्या दिवसापासून व्याजाचं मीटर तुमच्या नावावर चालतं.

"ताब्यापर्यंतचं व्याज आम्ही भरू" असं बिल्डर म्हणाला, तर कर्ज कुणाच्या नावावर आहे ते आठवा. त्याने दोन महिने भरलं नाही तर बँकेचा फोन तुम्हाला येईल आणि थकबाकी तुमच्या सिबिलवर चढेल.

फक्त व्याजाची ही पद्धत खरी उपयोगी पडते ती ज्यांच्याकडे मुद्दलाचे पैसे थोड्याच महिन्यांत येणार आहेत त्यांना. जुना फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक ठरलंय, साठेखत झालंय आणि चार-सहा महिन्यांत मोठी रक्कम येऊन कर्ज निम्मं होणार आहे, अशा माणसाने व्याजच भरावं. नुसतं "पुढे बघू" म्हणून नको.

आता सोनं. बुलेट कर्जात मुदत संपल्यावर मुद्दल आणि व्याज एकदम द्यायचं असतं. तीन लाखांवर दहा टक्के दर धरला आणि व्याज महिन्याला मुद्दलात मिळवलं जात असेल, तर वर्षाअखेर ३ लाख ३१ हजार ४०० च्या आसपास भरावे लागतील. व्याज कसं मिळवतात, महिन्याला की वर्षाला, हे आधी विचारा. सरळव्याजाने ते ३ लाख ३० हजार होतात. फरक मोठा नाही. मोठा फरक दुसरीकडे आहे.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोनेतारणाचे नवे नियम काढले आणि ते लागू करायला सगळ्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. अडीच ते पाच लाखांच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. पण बुलेट असेल तर ही मर्यादा हातात मिळणाऱ्या रकमेवर मोजत नाहीत, मुदतीअखेर द्यायच्या पूर्ण रकमेवर मोजतात. म्हणजे दरमहा व्याज भरणार असाल तर तीन लाखांना पावणेचार लाखांचं सोनं पुरतं, बुलेटला मात्र ४ लाख १४ हजारांचं ठेवावं लागतं. एखादी पाटली किंवा हार जास्तीचा तिजोरीत जातो. शिवाय किंमत धरताना खडे आणि घडणावळ मोजत नाहीत. सराफ बाजारात दागिना घेताना दिलेल्या बिलाकडे बघून अंदाज बांधू नका.

बुलेट पद्धत वाईट नाही. ती मुळात तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसासाठी आहे, ज्याचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं. जानेवारी ते एप्रिल माल निघतो, तेव्हाच पैसे दिसतात. त्याला दरमहा हप्ता लावणं म्हणजे आठ महिने उधारी करायला लावणं. पण बागायतदाराच्या घरात मार्च-एप्रिलचा पैसा येतो तेव्हा त्याच्यावर आधीच कोण कोण हक्क सांगून बसलेलं असतं, ते माहेर-सासर विसरून बघा. कृषी सेवा केंद्राची औषधं-खतांची वर्षभराची उधारी आधी चुकवावी लागते, नाही तर पुढच्या हंगामाला माल मिळत नाही. सोसायटीचं पीक कर्ज मुदतीत भरलं तरच व्याजाची सवलत टिकते, म्हणून तेही आधी. लगेच एप्रिलची खरड छाटणी, तिची मजुरी. यातून उरलेलं ते मोकळं. फुलोऱ्यात अवकाळी आला, मणी तडकले, गारपीट झाली किंवा माल उचलून व्यापाऱ्याने पैसे लांबवले, तर उरणाऱ्यातच कपात होते. मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होते तेव्हा दिंडोरीकडचे एक बागायतदार सोनेतारणाची मुदत भरल्यावर आले होते. बाग उत्तम गेली होती, दरही चांगला लागला होता. व्यापाऱ्याचा चेक मात्र मुदतीनंतर पाच आठवड्यांनी वठला. तेवढ्यासाठी त्यांना व्याजापुरते पैसे पाहुण्यांकडून आणून कर्ज नवं-जुनं करावं लागलं.

नवं-जुनं करणंही आता पूर्वीइतकं सोपं नाही. घरखर्चाच्या सोनेतारण बुलेट कर्जाला १२ महिन्यांची मर्यादा आहे, आणि साचलेलं व्याज भरल्याशिवाय नूतनीकरण करता येत नाही. वर्षभर एक रुपया न भरलेल्या माणसाला त्या दिवशी निदान तीस-एकतीस हजार रोख लागतातच. नाही जमलं तर नोटीस आणि शेवटी लिलाव.

म्हणून सासऱ्यांच्या शब्दाचा मान ठेवा, पण कर्ज त्या एका शब्दावर उभं करू नका. ताब्याआधीच्या काळातली उसंत इथे कामाला लावा. तुम्ही महिन्याला ३५,००० काढू शकता. पहिले आठ महिने घराचं व्याज ७,०८३ आणि भाडं ११,०००. उरतात जवळपास १७,०००. दरमहा व्याज भरायची आणि मधे मुद्दल फेडायला मुभा असलेली सोनेतारण योजना घ्या आणि हे १७,००० तिथे भरत जा. आठ महिन्यांनी सोन्याचं कर्ज १ लाख ८० हजारांवर येईल. नंतर घराचं व्याज वाढलं तरी दहाएक हजार तिकडे जाऊ शकतात. वर्ष संपताना शिल्लक राहील दीड लाखाच्या आत. सासऱ्यांनी पूर्ण तीन लाख दिले तर उरलेले तुमच्या आणीबाणीच्या खात्यात ठेवा, निदान सहा हप्त्यांचे तरी. बाग बसली आणि त्यांना निम्मेच जमले, तरी दागिने घरी येतात. काहीच जमलं नाही तर दीड लाखाचं कर्ज पुढे नेणं तुम्हाला झेपणारं आहे, ३ लाख ३१ हजारांचं नाही.

एकच सावधगिरी. तुमचे स्लॅब माझ्या अंदाजापेक्षा लवकर पडले तर ही उसंत आकसेल. इमारत आत्ताच निम्मी उभी असेल तर बँकेने बिल्डरला सोडायचा पहिला टप्पा १० लाखांऐवजी १५-१८ लाखांचाही असू शकतो. बिल्डरकडून स्लॅबनिहाय पैशांचं वेळापत्रक घ्या आणि वरचे आकडे त्यावर पुन्हा मांडा. शिवाय सोनेतारण कर्ज सिबिलमध्ये दिसतं. गृहकर्ज मंजूर करताना बँक त्याचाही बोजा धरते, म्हणून ते लपवू नका. शाखेत आधी सांगा आणि मंजुरीवर काय परिणाम होतो ते विचारून मगच सोनं ठेवा.

एजंटला बाजूला ठेवून मिस्टरांसोबत एकदा स्वतः शाखेत जा. २५ वर्षांच्या साध्या हप्त्याचं आणि स्टेप-अपचं, दोन्हींचं की फॅक्ट स्टेटमेंट मागा, तक्त्यासकट. ते हातात पडल्यावर किमान तीन कामाचे दिवस त्या अटी कायम राहतात, तेव्हा "आजच सही करा" म्हणाले तरी घाई करू नका. ताब्यानंतरच्या छत्तिसाव्या महिन्याची ओळ शोधा आणि शिल्लक मुद्दलाचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. तुमच्या खऱ्या स्लॅबचं वेळापत्रक मिळालं की मला कळवा, सोन्याचा हिशेब मी तुम्हाला त्यावर पुन्हा मांडून देईन.